पिशवीवरचं नाव कोणाच्या तोंडून बोलतं?

*आम्ही तिघी मैत्रिणी सांगलीत, विश्रामबागेत, घरूनच कापडी पिशव्या शिवतो. मांजरपाट इचलकरंजीहून आणतो. आजवर ओळखीपाळखीत विकल्या, पण यंदा संक्रांतीच्या वाणासाठी मोठ्या ऑर्डरी विचारल्या जाताहेत आणि दोन दुकानदारही माल ठेवायला तयार आहेत. पिशवीवर नाव मात्र हवं म्हणतात. आम्ही काढलेली नावं अशी: वसुंधरा रक्षक, हरितसंकल्प, इको माऊली, कृष्णामाई, प्लास्टिक सोडा. धाकटे दीर म्हणतात 'इको' किंवा 'ग्रीन' हवंच, नाहीतर लोकांना कळणार कसं? माझी मुलगी म्हणते, सगळी नावं शाळेच्या भिंतीवरच्या घोषणांसारखी आहेत. निसर्गाची कळकळ दिसावी, पण शिकवण दिल्यासारखं वाटू नये. काय नाव ठेवावं?*
*— एक वाचक, सांगली*

नमस्कार ताई,

तुमच्या मुलीचं म्हणणं मला पटलं. शाळेची भिंत मुलांशी बोलते, तिथे 'झाडे लावा' शोभतं. पिशवीचं तसं नसतं. पिशवी एकदा विकली गेली की तिच्यावरचं नाव तुमच्या तोंडून बोलत नाही, ती घेऊन फिरणारीच्या तोंडून बोलतं. आता तुमच्या वाणाच्या ऑर्डरीचाच विचार करा. हळदीकुंकवाला आलेल्या बाईच्या हातात यजमानीणबाई 'प्लास्टिक सोडा' लिहिलेली पिशवी ठेवतात. मनात काही नसलं तरी त्या पाहुणीला उपदेश करून मोकळ्या होतात, आणि तीच पाहुणी येताना भाजी कॅरीबॅगेत घेऊन आलेली असली तर तिला ते लागणारच. वाण म्हणून द्यायच्या वस्तूवर आज्ञार्थी क्रियापद नको. सोडा, वाचवा, जपा, थांबवा, यातलं काहीही नको. हे नाव मी पहिल्यांदा बाद करते.

'वसुंधरा रक्षक'ची अडचण वेगळी आहे. राज्य सरकारचं 'माझी वसुंधरा' अभियान २०२० पासून चालू आहे आणि गावोगावच्या भिंतींवर, फलकांवर तो शब्द लोकांनी पाहिला आहे. त्यामुळे दुकानात टांगलेली तुमची पिशवी अभियानात फुकट वाटायला आलेली वाटू शकते, आणि फुकट वाटणाऱ्या वस्तूला कोणी दाम मोजत नाही. शिवाय 'रक्षक' हा फार मोठा दावा झाला. भाजी आणायला निघालेल्या बाईला खांद्यावर एवढी मोठी पदवी नको असते.

'इको माऊली' आणि 'कृष्णामाई' ही नावं तुम्ही मनापासून काढलीत हे कळतं. पण पिशवी रोज कुठे कुठे जाते ते बघा. ती बसमध्ये पायाशी ठेवली जाते, कांद्याबटाट्याच्या मातीने मळते, रविवारी तिच्यातून मटण येतं. माऊलीचं नाव असलेल्या पिशवीतून मटण आणायला आपल्याकडे हात धजत नाही, आणि जुनी झाल्यावर तिचं पायपुसणं तर कोणी करणारच नाही. अशी पिशवी घडी घालून कपाटात राहते, आणि कापडी पिशवीचा कपाटात राहून काहीच उपयोग नाही. श्रद्धेची नावं अगरबत्तीला ठीक, पण जी वस्तू मळायलाच हवी तिला ती जड होतात. कृष्णेच्या नावाचं आणखी एक आहे. सांगली-साताऱ्यात दुधापासून पतसंस्थेपर्यंत इतक्या पाट्यांवर ते आहे की तुमची पिशवी त्या गर्दीत ओळखूच येणार नाही.

राहिलं 'हरितसंकल्प', आणि त्याबरोबर तुमच्या दिरांचं म्हणणं. त्यांचा प्रश्न रास्त आहे: लोकांना कळणार कसं? पण 'ग्रीन' आणि 'इको'ने आता काही कळत नाही. प्लास्टिकच्याच धाग्यापासून बनणाऱ्या, कापडासारख्या दिसणाऱ्या नॉन-वोव्हन पिशव्यांवरही हिरवं पान आणि 'इको' छापलेलं असतं. तेच शब्द तुम्ही घेतलेत तर तुमचा सुती मांजरपाट त्यांच्याच रांगेत जाऊन बसतो. कायद्याची बाजूही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांनुसार 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'नॅचरल', 'सस्टेनेबल' असे मोघम शब्द वस्तू विकताना नुसते लिहून भागत नाही, सोबत नेमकं स्पष्टीकरण आणि पुरावा लागतो. दोन अक्षरांच्या नावापायी हा व्याप कशाला?

आणि खरं सांगायचं तर तुमच्या पिशवीने पृथ्वी वाचते असं नावातून सुचवणं मला पटतही नाही. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत-औषध लागतं, सूत काढायला आणि विणायला वीज लागते. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या २०११ च्या अहवालात एक हिशोब आहे: एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवीचा तापमानवाढीतला वाटा कमी ठरायचा, तर ती १३१ वेळा वापरावी लागते. हा हिशोब फक्त तापमानवाढीचा आहे. गटारी तुंबतात, गुरांच्या पोटात प्लास्टिक जातं, ते त्यात धरलेलं नाही, त्यामुळे तुमची पिशवी वाईट असा अर्थ त्यातून निघत नाही. पण एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. आठवड्याच्या बाजाराला एकदा पिशवी बाहेर पडली तर १३१ वेळा व्हायला अडीच वर्षं लागतात. म्हणजे तुमच्या पिशवीचं निसर्गावरचं प्रेम तिच्या कापडापेक्षा ती किती वर्षं बाहेर पडते यात आहे. नावाची कसोटीही हीच लावा. हे नाव असलेली पिशवी बाई न अवघडता, पुन्हा पुन्हा, कुठल्याही कामाला उचलेल का?

या कसोटीला उतरणारं नाव शोधायचं तर मोठ्या शब्दांकडून लहान वस्तूंकडे यावं लागतं. धरणी, सृष्टी, वसुंधरा हे शब्द डोळ्यापुढे काही आणत नाहीत. आपल्या भागात रोज दिसणारी, पिशवीशी खरंच नातं असलेली एखादी वस्तू मात्र चित्र उभं करते. तुमच्यासाठी मी अशी बरीच नावं मांडून पाहिली. त्यातली काही का गळली ते सांगते, म्हणजे तुम्ही वेगळं काही शोधलंत तरी उपयोगी पडेल.

'घडी' मला पहिल्यांदा फार आवडलं. पिशवीची घडी पर्समध्ये राहते, शब्द घरातला आहे. पण त्याच नावाची कपडे धुण्याची पावडर देशभर खपते, तेव्हा तो रस्ता बंद. 'अंबाडी'ही गोड नाव, भाजी म्हणून ओळखीचं, आणि तिच्या वाखाचे दोर होतात. अडचण तिथेच आहे. अंबाडीच्या वाखाची वस्तू होते हे ज्याला माहीत आहे तो तुमचा सुती मांजरपाट अंबाडीचा समजेल. ज्या नावाने गिऱ्हाइकाची मालाबद्दल चुकीची समजूत होते त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंद नाकारली जाऊ शकते, आणि नाही नाकारली तरी असं नाव ठेवू नये. 'सावरी'चंही तेच, लोक सावरीचा कापूस समजतील. 'आठवडी' हे नाव मात्र मी अजून बाजूला टाकलेलं नाही. आठवडी बाजार सगळ्यांच्या तोंडी आहे आणि दर आठवड्याला बाहेर पडायचं हे त्यात आपसूक येतं. त्यात निसर्ग दिसत नाही एवढीच त्याची उणीव आहे, म्हणून ते माझं दुसऱ्या क्रमांकाचं नाव.

पहिलं नाव आहे खोपा.

सुगरण पक्ष्याचं घरटं. पावसाळ्यात विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकलेले खोपे आपल्या भागात शेतावर गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. गवताच्या आणि पात्यांच्या चिरफळ्या चोचीने ओवून विणलेली ती लटकती पिशवीच असते. वारा-पाऊस झेलते, आतलं ओझं सांभाळते. वीण घालतो नर, मादी येऊन पारखते आणि पसंत पडलं तरच राहते. विणलेलं, लटकणारं, आत काहीतरी जपणारं, हे तिन्ही गुण तुमच्या पिशवीत आहेत आणि निसर्ग त्यात न सांगता आला आहे. नाव कोणाला काही करायला सांगत नाही. त्यात देवाचं नाव नाही, त्यामुळे पिशवी मळायला मोकळी. घरात हाक मारून बघा: "अगं, तो खोपा घे, मंडईत जाऊन येऊ." जीभ कुठे अडखळत नाही. बायकांच्या केसांच्या खोप्याचीही कोणाला आठवण होईल, त्याने काही बिघडत नाही.

पक्ष्याचंच नाव, 'सुगरण', का नको, असं तुम्ही विचाराल. 'सुगरण' म्हटलं की आधी स्वयंपाक आठवतो, दुकानदार ती पिशवी मसाल्याच्या फळीजवळ लावेल.

खोप्याची मर्यादाही ऐकून ठेवा. महाराष्ट्राबाहेर हा शब्द घरट्याच्या अर्थाने फारसा कोणाला कळणार नाही, आणि हिंदीभाषक कानाला तो खोपडीच्या जवळचा लागेल. तुमचा विचार सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे एवढा असेल तर चिंता नाही. पुढेमागे दिल्ली-इंदूरला माल पाठवायचा असेल तर 'आठवडी'ही तिथे चालणार नाही, मग वेगळाच विचार करावा लागेल.

आता हे नाव कापडावर कसं उतरतं ते बघू, कारण कागदावर छान दिसणारी कितीतरी नावं मांजरपाटावर हरतात. मांजरपाटाची वीण जाड आणि मोकळी असते, शाई धाग्यांतून थोडी पसरतेच. 'हरितसंकल्प' किंवा 'रक्षक' छापलंत तर ह, क्ष, ल्प यांच्या आतल्या बारीक मोकळ्या जागा भरून जातात आणि चार धुण्यांनंतर नुसते डाग उरतात. 'खोपा'त जोडाक्षर नाही, ही मोठी सोय आहे. पण त्यात 'ख' आहे, आणि तिथे जपायला हवं. काही टायपांत ख चे दोन भाग खाली एकमेकांना जुळलेले नसतात, तो 'रव' असा वाचला जातो आणि तुमची पिशवी 'रवोपा' होते. खालून जुळलेला ख असलेलाच टाईप निवडा. ओकाराची मात्राही शिरोरेषेपासून नीट सुटलेली हवी, नाहीतर शाई पसरली की 'खापा' होईल. स्क्रीनवाल्याला सांगा, पडदा कायमचा बनवण्याआधी तुमच्याच कापडाच्या तुकड्यावर दोन मापांत छापून दे: एक पिशवीच्या पोटावरचं मोठं आणि एक कडेच्या पट्टीवरचं लहान. ते तुकडे तीन-चारदा धुवा, वाळवा, आणि रस्त्याच्या पलीकडे कोणाला तरी धरून उभं करून वाचा. ज्यांनी हे नाव आधी ऐकलेलं नाही त्यांच्याकडूनच वाचून घ्या, तुम्हाला तर ते पाठच असेल. एकच रंग ठेवा, गडद निळा किंवा वीटकरी. हिरवा नको, त्याने पुन्हा सगळ्या हिरव्या पानवाल्यांच्या रांगेत जाल. रबर प्रिंटचा जाड थर घडीवर तडकतो, पाण्यातली पिगमेंट शाई कापडात मुरते, तीच घ्या.

दिरांच्या प्रश्नाचं उत्तर आता देते. लोकांना कळवायचं काम नावावर टाकू नका, ते आतल्या लहान कापडी लेबलवर टाका. तिथे फक्त तुम्हाला सिद्ध करता येईल तेच लिहा. मी असं लिहीन:

*कापड: १०० टक्के सुती मांजरपाट. शिलाई: विश्रामबाग, सांगली. मळली की धुवा. शिवण उसवली तर आणून द्या, शिवून देऊ.*

'कापड १०० टक्के सुती' असं म्हटलंय, 'पिशवी १०० टक्के सुती' असं नाही, हे लक्षात घ्या. शिलाईचा दोरा बहुतेक पॉलिएस्टरचाच असतो. तो मजबूत असतो आणि तो वापरण्यात काही गैर नाही, पण मग अख्खी पिशवी सुती म्हणता येत नाही. आत अस्तर लावत असाल तर तेही काय आहे ते तपासा. बाजारात अस्तर म्हणून नॉन-वोव्हन सर्रास मिळतं, तो पॉलिप्रॉपिलीन म्हणजे प्लास्टिकच असतो. ते लावलंत तर लेबलवरचं पहिलंच वाक्य खोटं पडेल. शेवटच्या वाक्याचाही तिघींनी बसून आधी विचार करा, कारण ते वचन आहे. पिशवी उसवते ती बहुतेक वेळा बंदांच्या टोकाशी. तिथे बंद चांगला दोन इंच आत घेऊन चौकटीत फुलीची शिलाई मारलीत तर दुरुस्तीला येणाऱ्या पिशव्या थोड्याच असतील. पण ज्या येतील त्या खरोखर शिवून द्याव्या लागतील. निसर्गाबद्दलची तुमची कळकळ गिऱ्हाइकाला सगळ्यात जास्त इथे दिसेल, आणि ती उपदेश वाटणार नाही, कारण यात काम तुम्ही अंगावर घेतलेलं आहे.

दुकानदारांना एक गोष्ट आधीच सांगून टाका. ते त्यांच्या दुकानाचं नावही छापा म्हणतील. चालेल, पण ते मागच्या बाजूला. पुढे 'खोपा' एकटाच हवा. दोन नावं शेजारी आली की बाई ती पिशवी दुकानाची जाहिरात समजते आणि लग्नाकार्याला न्यायला कचरते.

आता नोंदणीचं. नाव पक्कं करण्याआधी ते दुसऱ्या कोणाचं आहे का हे ट्रेडमार्क खात्याच्या संकेतस्थळावर, ipindia.gov.in वर, फुकट शोधता येतं. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात. खरेदीच्या पिशव्या वर्ग १८ मध्ये येतात, तिथे आधी शोधा. मग २२, २४ आणि १६ या वर्गांतही नजर टाका, कारण पोती, कापड आणि कागद-प्लास्टिकच्या पिशव्या तिथे असतात. नुसतं खोपा टाकून थांबू नका. KHOPA, KHOPAA, KOPA, KHOPPA अशी स्पेलिंगं टाका आणि उच्चारावरून शोधायचा पर्यायही वापरा, कारण कायदा लिहिण्यातल्या साम्याइतकंच ऐकण्यातलं साम्यही धरतो. या नावाचं एखादं रिसॉर्ट किंवा हॉटेल निघालं तर घाबरू नका, त्यांचा वर्ग वेगळा. पिशव्या, पर्स किंवा कापडात सापडलं तर मात्र हट्ट न धरता 'आठवडी'कडे वळा. त्याचीही अशीच झडती घ्या. 'सांगली कापडी पिशवी' यासारखं नुसतं वर्णन करणारं नाव घेऊ नका. माल काय आणि कुठला एवढंच सांगणाऱ्या नावावर सहसा कोणाला एकट्याचा हक्क मिळत नाही.

अर्ज टीएम-ए या फॉर्मवर ऑनलाईन करता येतो. एका व्यक्तीच्या नावाने किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगाच्या नावाने केला तर एका वर्गाला ४,५०० रुपये फी आहे, एरवी ९,०००. तुम्ही तिघी आहात, तेव्हा अर्ज एकीच्या नावावर टाकून नंतर मन खट्टू होण्यापेक्षा आधी भागीदारी कागदावर आणा, उद्यम नोंदणी करा (ती फुकट होते) आणि मग अर्ज भरा. तपासणी झाली की नाव ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापून येतं आणि त्यानंतर चार महिने कोणालाही हरकत घेता येते. सगळं सुरळीत झालं तर नोंदणी १० वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण करायचं. तोवर थांबायची गरज नाही, नावापुढे बारीक अक्षरात टीएम लावून माल विकता येतो. गोलातला आर मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय छापायचा नाही, तो गुन्हा आहे. छपाईवाले हौसेने तो लावून देतात, म्हणून पडद्याचा नमुना स्वतः डोळ्याखालून घाला.

वाणाच्या ऑर्डरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हातात द्यायच्या, तेव्हा शोध आणि धुण्याची चाचणी दिवाळीनंतर लगेच उरका. आणि 'खोपा' नावाने पहिलं बिल फाडाल त्याची प्रत, तारखेसह पिशव्यांचे फोटो आणि छपाईवाल्याची पावती एका फाईलला लावून ठेवा. उद्या कोणी तेच नाव लावलं तर आधी कोण वापरत होतं हे बघितलं जातं, आणि तेव्हा ते बिल कामाला येतं.